शाळा आणि समाज : एकाच कोष्टकाची दोन वाचने

शिक्षणाच्या समाजशास्त्राची अभ्यासपत्रिका घेणाऱ्या शिक्षकांस शाळेच्या सामाजिक कार्याविषयी दोन मते अभ्यासावी लागतात. एक प्रकार्यवादी व दुसरे संघर्षवादी. समाजाच्या घडणीत प्रत्येक संस्था काही ना काही काम करून समाजास टिकवून धरते, असे पहिल्या मताचे लोक मानतात. त्या कामासच ते प्रकार्य म्हणतात. समाजात वरचढ व दुर्बल असे वर्ग असून संस्था बहुधा वरचढांचे वर्चस्व सांभाळतात, असे दुसऱ्या मताचे म्हणणे आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ही दोन मते दोन स्तंभांत मांडून विद्यार्थी मोकळा होतो. परंतु त्यामुळे दोघांचा वाद नेमका कशाविषयी आहे हे कळत नाही. एकच पुरावा दोघांच्या हाती दिला असता कोण काय वाचतो, हे पाहिले म्हणजे ते कळते. सुदैवाने असा पुरावा उपलब्ध आहे.

अमेरिकेतील बोस्टन शहर व त्याच्या परिसरातील सरकारी माध्यमिक शाळांत १९५० च्या सुमारास ३,३४८ मुलग्यांची पाहणी झाली. महाविद्यालयात जाण्याची त्यांची अपेक्षा आहे काय, हे त्यांस विचारण्यात आले. त्यांचा बुद्ध्यंक शाळेच्या दप्तरातून व वडिलांचा व्यवसायही नोंदवून घेण्यात आला. या पाहणीचे कोष्टक जोसेफ काह्ल यांनी १९५३ मध्ये ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पाहणीत सहभागी असलेले समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्स यांनी १९५९ मध्ये त्याच नियतकालिकात शाळेचा वर्ग ही एक सामाजिक व्यवस्था आहे असे प्रतिपादन करणारा निबंध लिहिला, तेव्हा त्यांनीही याच आकड्यांचा आधार घेतला. प्रकार्यवादी मताचा शाळेविषयीचा हा सर्वांत प्रसिद्ध निबंध होय.

पार्सन्स यांचे विवेचन प्राथमिक शिक्षकास विशेष जवळचे वाटेल, कारण त्यांच्या मते समाजातील निवडीचे खरे काम प्राथमिक शाळेतच होते. घरी मुलाचे स्थान तो कोणाचा कोण यावरून ठरते. आईला आपले मूल हुशार असो वा मंद, आपलेच असते. शाळेत मात्र साधारण एकाच वयाची व एकाच वस्तीतील मुले एकत्र येतात, त्यांना एकच काम दिले जाते, आणि त्यांच्यावर एकच प्रौढ व्यक्ती देखरेख करते. ती व्यक्ती कोणाचे गणित बरोबर आले व कोणाचे चुकले हे रोज पाहते. अशा रीतीने वर्षाच्या आरंभी ज्यांच्यात फारसा भेद दिसत नव्हता ती मुले वर्षाच्या अखेरीस वर-खाली लागतात. हा क्रम जन्मावरून नसून कर्तृत्वावरून आहे, हे मुलाच्या मनात बिंबणे म्हणजेच त्याचे सामाजीकरण. आणि कोणी पुढे महाविद्यालयीन अभ्यासक्रमाकडे जावे व कोणी कामधंद्याकडे, याची वाटणी हे शाळेचे दुसरे प्रकार्य. येथे पार्सन्स एक सूक्ष्म गोष्ट सांगतात. स्पर्धेत मागे पडलेला मुलगा शाळेवर चिडून का उठत नाही? कारण कर्तृत्वास मान द्यावा हे मूल्य त्यानेही त्याच शाळेत आत्मसात केलेले असते. संधी सर्वांस मिळाली होती असे वाटत असेपर्यंत निकाल त्यास न्याय्य वाटतो.

आता कोष्टकाकडे वळावे. मुलांचे बुद्ध्यंकाप्रमाणे पाच समान भाग पाडले होते. सर्वांत खालच्या भागातील शेकडा ११ मुलांना महाविद्यालयाची अपेक्षा होती, तर सर्वांत वरच्या भागातील ५२ जणांना. बुद्धीप्रमाणे पुढे जाण्याची इच्छा वाढते, एवढे यावरून दिसते, आणि पार्सन्स यांच्या मतास ते अनुकूल आहे. पण तीच मुले वडिलांच्या व्यवसायाप्रमाणे लावली असता फरक याहून मोठा निघतो. साध्या मजुरी व नोकरी करणाऱ्यांच्या मुलांत शेकडा १२, तर मोठे अधिकारी, उद्योजक व व्यावसायिक यांच्या मुलांत ८० !

येथवर कोणी म्हणेल की, वरच्या घरातील मुले अधिक हुशार असतील, म्हणून हा फरक पडत असेल. ही शंका फेडण्यासाठीच दोन्ही गोष्टी एकत्र घेऊन कोष्टक वाचावे लागते. केवळ सर्वांत वरच्या बुद्ध्यंकाची मुले घेतली तर मजुरांच्या मुलांपैकी शेकडा २९ जणांना महाविद्यालयाची अपेक्षा होती, आणि वरच्या घरांतील मुलांपैकी ८९ जणांना. बुद्धी तीच, तरी ६० चे अंतर. सर्वांत खालच्या बुद्ध्यंकाच्या मुलांत हे आकडे अनुक्रमे ९ आणि ५६. आता २९ व ५६ हे दोन आकडे शेजारी ठेवावे. मजुराचा अत्यंत हुशार मुलगा महाविद्यालयाची जितकी आशा धरतो, तिच्या जवळजवळ दुप्पट आशा मोठ्या घरचा सर्वांत मंद मुलगा धरतो. निवड कर्तृत्वावर होते या विधानास हा एक चौकोन पुरेसा अडचणीचा आहे.

पार्सन्स यांनी घराचा प्रभाव नाकारलेला नाही. ज्यांची बुद्धी एका बाजूस ओढते व घर दुसऱ्या बाजूस, अशा मुलांची त्यांनी स्वतंत्र चर्चा केली आहे. तथापि त्यांच्या लेखी मुख्य गोष्ट ही की, कर्तृत्वास स्वतंत्र महत्त्व आहे आणि म्हणून शाळा ही निवडीची खरी यंत्रणा आहे. संघर्षवादी अभ्यासक याच आकड्यांपुढे थांबून विचारतो की, मग उरलेल्या अंतराचे काय ?

हा प्रश्न महाराष्ट्रास परका नाही. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी दाखवून दिले होते की, सरकारी महसुलाचा मोठा भाग राबणाऱ्या रयतेच्या श्रमांतून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस होतो. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी त्यांची मागणी होती. संघर्षवादी हे नाव रूढ होण्यापूर्वीचा हा युक्तिवाद आहे.

अमेरिकेत त्यास सविस्तर सिद्धांताचे रूप सॅम्युअल बोल्स आणि हर्बर्ट गिंटिस या अर्थशास्त्रज्ञांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात दिले. त्यांच्या मते शाळेतील संबंध कारखान्यातील संबंधांशी जुळणारे असतात. वेळेवर यावे, सांगितलेले मुकाट्याने करावे, कामाचा आनंद कामात न शोधता गुणांत शोधावा, ही शिस्त पुढे पगारासाठी राबणाऱ्यास उपयोगी पडते. ज्या मुलांना वरच्या जागी जायचे असते त्यांच्या शाळांत मात्र स्वतंत्र विचारास अधिक वाव असतो. अशा रीतीने पार्सन्स ज्यास न्याय्य निकालावरचा विश्वास म्हणतात, त्यास हे दोघे विषमतेवर चढविलेला न्यायाचा मुलामा म्हणतात. वस्तुस्थिती दोघांस एकच दिसते. ती कोणाच्या उपयोगाची, यावर मतभेद आहे.

परंतु या सिद्धांतासही मर्यादा आहेत. पहिली त्याच कोष्टकात आहे. कुशल कामगारांच्या मुलांत बुद्ध्यंकाच्या खालच्या भागात शेकडा ४ व वरच्या भागात ४० अशी वाढ दिसते. शाळा निव्वळ घराचा छाप उमटविणारे यंत्र असती तर ही वाढ दिसली नसती. दुसरी मर्यादा काह्ल यांच्याच लेखात आढळते. त्यांनी साधारण स्थितीच्या घरांतील, पुरेशी बुद्धी असलेल्या चोवीस मुलांच्या मुलाखती घेतल्या. त्यांत, आहे त्यात भागवावे असे मानणारे पालक आणि मुलाने आपल्या पुढे जावे असे मानणारे पालक, असा भेद त्यांना दिसला, व मुलाची महत्त्वाकांक्षा बऱ्याच अंशी या भेदास अनुसरत होती. म्हणजे एका वर्गातील सर्व घरे सारखी नसतात. तिसरी मर्यादा इंग्लंडमधील पॉल विलिस यांच्या १९७७ च्या ग्रंथाने दाखविली. त्यांनी अभ्यासलेली कामगारवर्गातील बारा मुले शाळेस मुळीच वश नव्हती. ती शिक्षकांची टर उडवीत, अभ्यास टाळीत, आणि अंगमेहनतीचे काम हेच पुरुषी काम मानीत. परिणामी ती कारखान्यातच गेली, पण आज्ञाधारकपणामुळे नव्हे, तर बंडखोरीमुळे.

बोस्टनच्या आकड्यांविषयी एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. ते प्रत्यक्ष प्रवेशाचे नसून अपेक्षेचे आहेत, त्यात मुली नाहीत, आणि बुद्ध्यंकाची कसोटी स्वतः घराच्या भाषेपासून सर्वस्वी अलिप्त असते असे धरता येत नाही.

हीच तपासणी आपल्या शाळेतही करता येते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातील अनेक गावांची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांची जी मुले बरोबर जातात त्यांच्या हजेरीपत्रकात मधले महिने रिकामे राहतात. वार्षिक निकालात असा मुलगा मागे दिसला, तर प्रकार्यवादी भाषेत तो कर्तृत्वात कमी पडला असे होईल. ते खरे की नाही, हे पाहण्यास चौथीच्या पटावरील मुले प्रथम तिसरीच्या गुणांप्रमाणे वरची, मधली व खालची अशी लावावी. मग प्रत्येक भागातच स्थलांतर करणारी व गावी राहणारी मुले वेगळी काढून त्यांचे चौथीचे गुण ताडून पाहावे. तिसरीत बरोबरीची असलेली मुले चौथीत दोन वाटांनी गेली असतील, तर त्यास केवळ बुद्धी कारण म्हणता येणार नाही. मात्र तिसरीच्या गुणांतही त्या वर्षीच्या हंगामाचा तोटा आधीच शिरलेला असतो. त्यामुळे या रीतीने निघणारे अंतर प्रत्यक्षाहून लहानच दिसण्याचा संभव असतो. शक्य तेथे पहिल्या हंगामापूर्वीची, म्हणजे पहिलीच्या आरंभीची शिक्षकाची नोंद मूळ म्हणून धरावी. एका वर्गात अशी मुले चार-पाचच असली तर त्यांतील एकाच्या आजारपणानेही आकडे पालटतात; म्हणून केंद्रातील सर्व शाळांचे तीन-चार वर्षांचे पट एकत्र केल्याविना यातून अनुमान काढू नये.