रेड हेरिंग : भलत्या वासाचा माग

रहस्यकथांच्या चर्चेत ‘रेड हेरिंग’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. हेरिंग हा युरोपच्या थंड समुद्रातील मासा. त्याला मीठ लावून दीर्घकाळ धुरी दिली म्हणजे तो तांबूस होतो आणि त्याला उग्र वास येतो. इंग्रज पत्रकार विल्यम कॉबेट याने १८०७ साली आपल्या साप्ताहिकात लिहिले, की बालपणी असा मासा जमिनीवरून ओढत नेऊन आपण सशामागे लागलेल्या शिकारी कुत्र्यांना भलतीकडे वळवले होते. त्याचा रोख वृत्तपत्रांवर होता. नेपोलियनच्या पराभवाच्या खोट्या बातमीमागे धावून त्यांनी देशातील प्रश्न वाऱ्यावर सोडले, असा त्याचा आक्षेप होता. ही आठवण बहुधा रचलेली असावी, असे अभ्यासक मानतात. शब्दप्रयोग मात्र तिच्यामुळेच रूढ झाला.

कॉनन डॉयलच्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ (१९०२) या कादंबरीत बॅरीमोर नावाचा नोकर मध्यरात्री खिडकीत मेणबत्ती धरून उभा राहतो. वाचकाला वाटते, खुनी सापडला. प्रत्यक्षात तो माळरानावर लपलेल्या फरारी कैद्याला, म्हणजे आपल्या मेहुण्याला, अन्नासाठी खूण करीत असतो. येथे लेखक खोटे काहीच सांगत नाही. बॅरीमोरचे गुपित खरेच आहे. ते मूळ खुनाचे उत्तर नाही, एवढेच. पुढे तो कैदी मालकाचे जुने कपडे अंगावर असताना मरतो, कारण त्या कपड्यांच्या वासाने कुत्रा त्याच्यामागे लागतो. वाचकाप्रमाणे कुत्राही फसतो!

वादविवादातही हेच घडते, आणि तेथे नुकसान खरे असते. समजा, पालकांनी सभेत विचारले, “शिष्यवृत्ती वर्षभर का मिळाली नाही?” उत्तर आले, “मुले पैसे मोबाइलवर उधळतात.” काही मुले उधळत असतीलही, म्हणूनच सभा त्या वासामागे जाते. कोणी मुलांची बाजू घेतो, कोणी मोबाइलला दोष देतो, आणि तासाभराने रक्कम कोठे अडली हे कोणालाच कळलेले नसते. अशा वेळी विधान खरे की खोटे यावर भांडू नये. ते खरे मानले तरी मूळ प्रश्नाचे उत्तर बदलते काय, एवढेच पाहावे.

आपल्या परंपरेला ही युक्ती अपरिचित नाही. अंगुत्तर निकायातील कथावत्थु सुत्तात भगवान बुद्धांनी चर्चेस कोण योग्य, याची कसोटी सांगितली आहे. प्रश्न विचारला असता जो भलत्याच गोष्टीत शिरतो आणि बोलणे विषयाबाहेर नेतो, तो चर्चेस अयोग्य ठरतो.

मात्र प्रत्येक आडवा प्रश्न रेड हेरिंग नसतो. त्याच सभेत कोणी विचारले, “अर्जासोबत जातीचा दाखला जोडला होता काय?” तर ऐकताना तो टोचेल, पण रक्कम अडण्याचे कारण तेथेच असू शकते.