पाणी आधी ठरव, कात्री मग

पोरी, परवा तू बोईसरहून फोनवर सांगितलंस ते ऐकल्यापासून माझं लक्ष त्या तीन तुकड्यांवर आहे. एका बाईंनी लग्नासाठी तीन कापडं आणून दिली. जांभळ्या कापडाचं ब्लाउज, मातकट कापडाचा कुर्ता आणि जाडसर, विनाचमक कापडाचं जाकीट. तिन्हींच्या बिलावर एकच शब्द, ‘रॉ सिल्क’. बाई म्हणाल्या, तिन्ही सारखीच आहेत, एकदम शिवून टाका. शिवू नकोस. आपल्याकडच्या दुकानांत गाठीगाठींचं, थोडं खरखरीत असं कुठलंही रेशीम रॉ सिल्क म्हणून विकतात, आणि त्या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या स्वभावांची कापडं येतात. सिल्क मार्कचं लेबल असेल तर कापड शुद्ध रेशमाचं आहे एवढं कळतं. ते कुठलं रेशीम, हे तुलाच बघावं लागतं.

ते कापडाच्या कडेवरून कळतं. कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा सुईने ओढून काढ आणि खिडकीच्या उजेडात धर. जांभळ्यात उभा धागा बारीक आणि गुळगुळीत निघेल, आडवा कुठे जाड तर कुठे बारीक. हे डुपियन. दोन अळ्यांनी मिळून एकच कोष विणला की आतले तंतू एकमेकांत गुंततात. असा जोडकोष उलगडताना एकसारखा धागा निघत नाही, मध्येच जाडसर होतो. तो जाडसरपणा म्हणजेच कापडावर आडव्या दिसणाऱ्या त्या रेघा. गिऱ्हाईक त्याला विणीतला दोष म्हणेल. तू तसं मानू नकोस, आणि कात्रीच्या टोकाने गाठ छाटून तर अजिबात टाकू नकोस. ती गाठ हाच तो धागा आहे. छाटलीस की तिथे भोक पडतं.

मातकट कापडातही उभा धागा बहुधा बारीकच असेल. आडवा मात्र जाड, फुगीर, जवळजवळ पीळ नसलेला. हे मटका. पतंग बाहेर पडल्यामुळे भोक पडलेल्या कोषांचा अखंड धागा काढता येत नाही. म्हणून त्याचे तंतू ओढून हाताने सूत काढतात. बंगालमध्ये माल्दा-मुर्शिदाबादकडच्या बायका हे सूत पालथ्या मडक्यावर काढत आल्या आहेत, त्यावरूनच हे नाव. आता तिसरं, जाकिटाचं. त्याचा धागा दोन बोटांत धरून पिळाच्या उलट फिरव आणि हलकेच ओढ. तो तुटणार नाही, नुसता सुटेल, आणि हातात बोटभरही नसलेले आखूड तंतू येतील. मध्ये बारीक ठिपके दिसतील. हे नॉइल. सूतगिरणीत रेशमाची विंचरणी होते तेव्हा लांब तंतू पुढे जातात आणि आखूड मागे उरतात. त्या उरलेल्यांचं हे कापड. हाताला सुती वाटतं, चमकत नाही, आणि नवं असताना ओलं केलं की त्याला एक उग्र वास येतो. कोषातल्या किड्याचा आणि डिंकाचा अंश तंतूंत राहिलेला असतो, त्याचा तो वास. कापड खराब निघालं म्हणून घाबरू नकोस, दोन-तीन धुण्यांत तो जातो.

धागा काढलासच आहेस तर त्याचं टोक मेणबत्तीवर धर. केस जळाल्यासारखा वास आला आणि उरलेली काळी गोळी चिमटीत चुरली तर रेशीम. धागा वितळून टणक मणी झाला तर पॉलिस्टर. डुपियनसारखं दिसणारं पॉलिस्टर बाजारात भरपूर आहे, आणि ते निघालं तर पुढचं सगळं गैरलागू.

आता माझा खरा कानमंत्र. हे कापड आयुष्यात कधी पाण्यात जाणार आहे की नाही, हे कात्री लावायच्या आधी ठरव. डुपियनचं उत्तर नाही. मटका आणि नॉइलचं उत्तर हो, आणि तेही शिवण्याआधीच.

असं का, ते नीट समजून घे. कोषातला तंतू एका नैसर्गिक डिंकात गुंडाळलेला असतो. कच्च्या रेशमाच्या वजनात तो जवळपास पाव हिस्सा भरतो. साबणाच्या गरम पाण्यात तो काढून टाकला की रेशीम मऊ होतं. डुपियनचा ताठपणा थोडा उरलेल्या डिंकाचा, थोडा वरून दिलेल्या खळीचा आणि बराचसा त्या घट्ट विणीचा. पाण्यात घातलंस की पहिल्या दोन गोष्टी हलतात, बारीक ताणा आणि जाड बाणा वेगवेगळे आक्रसतात, आणि ज्या ताठपणासाठी बाईंनी पैसे मोजले तो निघून जातो. तो इस्त्रीने परत येत नाही. म्हणून डुपियनचं ब्लाउज ड्रायक्लीनिंगलाच जाणार, हे शिवण्याआधी बाईंना सांग आणि वहीत लिहून ठेव.

पाण्याचा एक थेंबसुद्धा पुरे होतो. पालघरला दुकान नवं असताना मी एका डुपियन ब्लाउजच्या पाठीवर इस्त्रीआधी सवयीने पाणी शिंपडलं. वाळल्यावर थेंबाएवढी गोल कडी उमटली, आत फिकट आणि काठाला गडद. थेंब पसरताना डिंक आणि खळ काठाकडे ढकलतो, ती कडी असते. मी ती ओल्या फडक्याने पुसायला गेले आणि कडी मोठी झाली. पाठ नवीन कापून द्यावी लागली. तुझ्यावर अशी वेळ आली तर पुसू नकोस. कापड पूर्ण वाळू दे, मग त्याच कापडाच्या कातरणाने कडेवर हलक्या हाताने कोरडंच घास. नाहीच गेली तर उलट्या बाजूने, लांबून, संपूर्ण भागाला सारखी वाफ दे. कधी निघते, कधी राहते. म्हणून डुपियनला कोरडी इस्त्री कर, उलट्या बाजूने, मध्ये मलमलचं फडकं ठेवून, सिल्कच्या खुणेवर. वाफेची इस्त्री थेंब टाकणारी असेल तर ती डुपियनजवळ आणूच नकोस.

मटक्याचं उलट. त्या कुर्त्याच्या कापडाचा 20 बाय 20 सेंटिमीटरचा चौकोन काप, कडा कच्च्या टाकून घे, कोमट पाण्यात बुडव, सावलीत वाळव, इस्त्री कर आणि मोज. समज, उभ्या बाजूने 19 भरला. म्हणजे शंभरात पाच आटला. आता 42 इंचांचा कुर्ता न धुता शिवलास तर पहिल्या धुण्यात तो 40 इंचांवर येईल, आणि अडीच मीटर कापडातले साडेबारा सेंटिमीटर तर धुण्यानेच जातील. कापड कमी पडणार असेल तर ते आत्ता कळायला हवं. बाई अजून दुकानातून जास्तीचं कापड आणू शकतात. नॉइलचाही असाच चौकोन काप. तो किती आटतो ते प्रत्येक ताग्यागणिक बदलतं, म्हणून मागच्या कापडाचं माप या कापडाला लावू नकोस.

धुण्यासाठी आठ-दहा रिठे फोडून रात्री लिटरभर पाण्यात भिजत घाल, सकाळी चुरून गाळ आणि अर्ध्या बादली कोमट पाण्यात मिसळ. सोडा नको, नेहमीची धुण्याची पावडर तर नकोच. रेशीम हे केसांसारखं प्रथिन आहे. खाराने ते ठिसूळ होतं, आणि डाग काढायला पावडरीत जी प्रथिनं खाणारी एन्झाइम्स घालतात ती या कापडालाही खातात. ब्लीच अजिबात नको. किनाऱ्याकडच्या बोअरचं पाणी मचूळ असेल तर त्यातले क्षार कापडावर बसतात, म्हणून शेवटचं पाणी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं घे आणि त्यात एक चमचा व्हिनेगर टाक. पिळू नकोस. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं. जाड टॉवेलात गुंडाळून दाब, सावलीत वाळव आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री कर. गडद रंग असेल तर आधी ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा घासून बघ. रुमालाला रंग लागला तर तोही तुकडा ड्रायक्लीनिंगच्या यादीत.

आता ब्लाउजकडे. डुपियनमध्ये बारीक ताण्यातून जाड बाणा सरकतो, म्हणून कडा झपाट्याने उसवतात आणि घट्ट बसणाऱ्या ब्लाउजची शिवण काखेत आणि पाठीवर फाकते. शिवणीच्या दोन्ही बाजूंना छोट्या उभ्या फटी दिसू लागल्या तर ओळख की टाका मजबूत आहे, कापड सरकतंय. वरून दुसरी शिवण मारून उपयोग नाही. दाब अर्ध्याऐवजी एक इंच ठेव, कापल्याकापल्या कडा ओव्हरलॉक कर, आणि सुती अस्तर धुऊन घेऊन अंगाशी नेमकं बसेल असं काप. डुपियन त्याच्यावर किंचित सैल राहू दे. ओढ अस्तराने घ्यायची. पहिलं फिटिंग अस्तरावरच कर, कारण डुपियनवर उसवलेल्या टाक्यांची भोकं दिसत राहतात.

चुरगळण्याबद्दल बाई नक्की विचारतील. खोटं आश्वासन देऊ नकोस. तिन्ही कापडं चुरगळतात. रेशीम हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि ओलसर तंतू ज्या वळणात दुमडला त्याच वळणात वाळतो. मेमध्ये डहाणू लोकलला तासभर टेकून बसलं की पाठीमागे चुण्या पडणारच. मटका आणि नॉइल रात्रभर हँगरला टांगले, किंवा गरम पाण्याच्या आंघोळीनंतर वाफ धरलेल्या न्हाणीघरात ठेवले, की त्यांच्या चुण्या बऱ्याचशा सुटतात. डुपियनची चुणी धारदार असते, ती फक्त इस्त्रीनेच जाते. म्हणून लग्नाच्या दिवशी ब्लाउज हँगरवरच न्यायला सांग, पिशवीत घडी करून नको. काखेत सुती कापडाची सुटी पट्टी टाचून दे, धुऊन परत टाचता येईल अशी. अंगावर फवारा मारून लगेच ब्लाउज घालू नका, हेही सांग. घाम आणि तो फवारा मिळून काखेतलं रेशीम पिवळं आणि ठिसूळ करतात.

पावसाळ्यात आपल्याकडची कपाटं ओली होतात. डुपियन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं की बुरशीचे ठिपके येतात. जुन्या धुतलेल्या मलमलच्या कापडात गुंडाळायला सांग. डुपियनची साडी किंवा ओढणी असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलायची, कारण जाड बाण्यावर वाकून राहिलेला बारीक ताणा पहिला घडीवरच तुटतो. पाऊस संपला की एका कोरड्या दुपारी सावलीत वारा द्यायचा. डांबरगोळी कापडाला टेकवायची नाही.

उद्या आधी जांभळ्याचं माप घे, मटक्याचा आणि नॉइलचा चौकोन काप आणि बाईंना दोन दिवसांनी बोलाव. धुतलेले चौकोन वहीत टाचून त्यांच्याशेजारी धुण्याआधीचं आणि नंतरचं माप लिही, मटका आणि नॉइल वेगवेगळ्या पानांवर. माझ्या वह्या पालघरच्या घरी पोटमाळ्यावर आहेत. रविवारी आलीस की काढून देते.