झोपेत दात खाणारे मूल

नोकरीनिमित्त बंगळूरच्या मारतहळ्ळी भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. मुलगी दोन वर्षे आठ महिन्यांची. सांगलीहून आलेली आजी नातीजवळ झोपली आणि मध्यरात्रीच्या सुमारास कर्रकर्र आवाजाने तिला जाग आली. मूल गाढ झोपलेले, जबडा मात्र घट्ट आवळलेला. आजीने सकाळी सांगून टाकले, "पोरीला जंत झालेत, औषध द्या." मुलीने नव्या पाळणाघराचा धसका घेतला असावा, असे वडिलांना वाटले. आईला चिंता होती ती दात झिजण्याची.

झोप ही रात्रभर एकसारखी नसते. ती मधूनमधून उथळ होते आणि काही क्षणांपुरता मेंदू जागृतीच्या काठाशी येतो. त्या वेळी प्रथम हृदयाचे ठोके वाढतात आणि त्यामागोमाग चावण्याचे स्नायू आकसतात. दात एकमेकांवर घासले जातात ते या क्षणी. मुलाला त्याची जाणीव नसते व सकाळी आठवणही राहत नाही. लहान वयात ही सवय पुष्कळ मुलांत आढळते. आईवडिलांपैकी एखाद्याला ती असल्यास अधिकच. दुधाचे दात पडून नवे येऊ लागले की बहुधा ती आपोआप कमी होते. म्हणून निरोगी मुलाच्या बाबतीत नुसत्या आवाजाला आजार म्हणता येत नाही. झोप पुन्हापुन्हा उथळ का होते, हा खरा प्रश्न आहे.

मनावरचा ताण हे त्याचे एक कारण असू शकते. त्यामुळे वडिलांचा तर्क अगदीच निराधार नव्हता. जंतांची समजूत महाराष्ट्रात घरोघरी आहे, परंतु तिला भक्कम आधार मिळालेला नाही. जंतांचे औषध द्यावे ते जंतांसाठी. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देण्यात येते. दोन वर्षांखालील मुलांना अर्धी. रात्री गुदद्वाराशी खाज सुटत असेल तर डॉक्टरांना अवश्य विचारावे. गोळीने दात खाणे थांबेल, ही अपेक्षा मात्र ठेवू नये.

या आईने एक साधी गोष्ट केली. दोन आठवडे एका वहीत तिने रोज चार ओळी लिहिल्या: आवाज केव्हा आला, तोंड उघडे होते काय, घोरणे होते काय, सर्दी होती काय. वही चाळताना एक गोष्ट लक्षात आली. सर्दी असो वा नसो, बहुतेक रात्री मुलगी तोंड उघडे ठेवून, मान मागे टाकून झोपे व घोरे. कधी श्वास क्षणभर अडे, मग धाप लागल्यासारखा आवाज येई आणि त्यानंतर दात वाजत.

दंतवैद्यांनी दात तपासले. दुधाच्या दातावरील कठीण कवच, म्हणजे दंतवल्क, पक्क्या दाताच्या मानाने निम्मेच जाड असते. मुलीचे सुळे व पुढचे दात टोकाशी सपाट झाले होते; पण झीज दंतवल्कापुरतीच होती. आतील पिवळसर थर उघडा पडला असता, किंवा दाताचा टवका उडाला असता, तर उपचार करावा लागला असता. घासून झालेली झीज सपाट असते आणि वरचा व खालचा दात तेथे एकमेकांत नेमके बसतात. खोलगट वाटीसारखी झीज दिसली तर संशय आम्लाचा घ्यावा: वारंवार उलटी, घशाशी येणारे आंबट पाणी, किंवा बाटलीतून दिवसभर प्यायलेला फळांचा रस. दंतवैद्यांनी दातांवर काहीच केले नाही. मोठ्या माणसांना रात्री दातांवर बसवण्यासाठी देतात ते आवरण एवढ्या लहान मुलाला सहसा देत नाहीत, कारण जबडा वाढत असतो. वही वाचून त्यांनी मुलीला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठविले. नाकामागील ॲडिनॉइड नावाची गाठ वाढून श्वासाची वाट अरुंद झाली होती. उपचारानंतर घोरणे थांबले आणि दात वाजणेही पुष्कळ कमी झाले. अर्थात प्रत्येक मुलात असेच घडते असे नाही.

आवाज नुसता येत असेल, मूल दिवसा हसतखेळत असेल व नीट चावून खात असेल, तर नेहमीच्या तपासणीच्या वेळी दंतवैद्यांना सांगितले तरी पुरते. मात्र गार पाणी तोंडात घेताच मूल रडू लागले, एकाच बाजूने चावू लागले, सकाळी उठताच गालाला हात लावून कुरकुरू लागले, किंवा दात आखूड होऊन पिवळे दिसू लागले, तर थोड्याच दिवसांत दाखवावे. दाताचा तुकडा पडला किंवा हिरडीला सूज आली तर त्याच दिवशी. आणि श्वास अडत असेल तर दातांची तपासणी होईपर्यंत थांबू नये. आधी बालरोगतज्ज्ञांना गाठावे.