एकाच दुधाचे दोन भाव : दर ठरविण्याची रीत व नफ्यातील फरक

दूध संस्थेचे दूध एकाच टाकीतून निघते, परंतु ते सर्व एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकाकडे जात नाही. काही दूध शहरातील घरोघरी रतिबाने जाते, तर काही खव्याच्या भट्टीवर व मिठाईवाल्याकडे जाते. धाराशिव जिल्ह्यातील भूमसारख्या भागात अशा भट्ट्या पुष्कळ आहेत. या दोन्ही गिऱ्हाइकांना एकच भाव लावावा की निरनिराळा, हा प्रश्न संस्थेच्या सभेत वरचेवर निघतो, आणि तो बहुधा अंदाजाने सोडविला जातो. अर्थशास्त्रात याला तृतीय श्रेणीचा मूल्यभेद म्हणतात. ए. सी. पिगू यांनी १९२० साली आपल्या ग्रंथात मूल्यभेदाच्या तीन श्रेणी सांगितल्या, त्यांतील ही तिसरी होय. तीत प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा भाव नसतो. बाजाराचे ओळखता येतील असे गट पाडून प्रत्येक गटाला एक भाव लावला जातो.

या पद्धतीचा सर्व आधार मागणीच्या लवचिकतेवर आहे. भाव शेकडा एकने बदलला असता खप शेकडा कितीने बदलतो, ते प्रमाण म्हणजे लवचिकता. ज्या घरात लहान मूल आहे, तेथे दोन रुपये वाढले म्हणून रतीब लगेच बंद होत नाही. भट्टीवाल्याचे तसे नसते. खव्याचा भाव बाजारात ठरलेला असतो आणि दूध हाच त्याचा मुख्य खर्च असतो. म्हणून दूध थोडे महागले तरी तो कढई उतरवून ठेवतो, आणि थोडे स्वस्त झाले की दुसरी कढई चढवितो.

आता एक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेले आहेत. प्रत्येक संस्थेने तेथे आपले आकडे घालावयाचे आहेत. एका संस्थेचे दूध दोन्हीकडे लिटरला ५० रुपये भावाने जाते. घरगुती खप रोज ४०० लिटर व भट्टीवाल्यांचा २०० लिटर आहे. दर लिटरमागे सभासदाला २५ रुपये दिले जातात, आणि संकलन, शीतकरण व वाहतूक यांस ५ रुपये लागतात. म्हणजे एक जादा लिटर विकण्याचा खर्च ३० रुपये झाला. यालाच सीमांत खर्च म्हणतात. चिटणिसाचा पगार, जागेचे भाडे इत्यादी ठराविक खर्च यात धरावयाचा नाही. भाव कोणताही लावला तरी तो तेवढाच राहतो. पुष्कळ संस्था नेमक्या येथेच चुकतात. त्या सर्व खर्च लिटरवर वाटून त्यावर काही टक्के चढवितात आणि गिऱ्हाइकाचा विचारच करीत नाहीत.

संस्थेने घरगुती भाव ५२ रुपये करून पाहिला, तेव्हा खप ३८० लिटरवर आला. भट्टीवाल्यांना ४८ रुपयांनी दूध दिले, तेव्हा त्यांची उचल २४० लिटर झाली. याचा अर्थ असा की, एका रुपयाच्या फरकाने घरगुती खप १० लिटरने व भट्टीचा खप २० लिटरने बदलतो. ५० रुपयांवर शेकडा एक म्हणजे ५० पैसे. तेवढ्याने घरगुती खप ५ लिटर, म्हणजे शेकडा सव्वा, हलतो. भट्टीचा १० लिटर, म्हणजे शेकडा पाच, हलतो. लवचिकता अनुक्रमे १.२५ व ५ झाली.

अशा प्रयोगाचे दिवस नीट निवडावे लागतात. लग्नसराईत किंवा दिवाळीच्या तोंडावर भट्टीची उचल भावामुळे वाढली की सणामुळे, हे सांगता येत नाही. उपवासाच्या दिवसांतही घरगुती मागणी बदलते. म्हणून साध्या दिवसांतील सारखे वार घेऊन निदान दोन आठवड्यांची सरासरी काढावी. भाव बदलल्यावर गिऱ्हाईक पहिल्या आठवड्यात टिकते आणि महिनाभराने दुसरा गवळी शोधते, असेही होते. त्यामुळे घाईने काढलेली लवचिकता खरीपेक्षा कमी दिसते.

आता मूळ मुद्दा. ५० रुपये भावाने ४०० लिटर खपत असता घरगुती बाजारात आणखी एक लिटर खपवावयाचे, तर भाव १० पैशांनी उतरवावा लागतो. त्या जादा लिटरचे सुमारे ५० रुपये येतील, पण आधीच्या ४०० लिटरवर १० पैशांप्रमाणे ४० रुपये जातील. निव्वळ भर पडली १० रुपयांची. भट्टीवाल्यांना एक लिटर अधिक खपविण्यास ५ पैसेच उतरवावे लागतात. तेथे ५० रुपये येतात आणि २०० लिटरवर १० रुपये जातात, म्हणजे निव्वळ भर ४० रुपयांची. या निव्वळ भरीला सीमांत प्राप्ती म्हणतात. भाव दोन्हीकडे ५० रुपयेच दिसत असला, तरी शेवटचे लिटर एकीकडे १० रुपये मिळवून देते व दुसरीकडे ४०. तेव्हा घरगुती बाजारातील एक लिटर काढून भट्टीकडे वळविले, तर संस्थेला ३० रुपये अधिक मिळतात, आणि एका थेंबाचेही उत्पादन वाढवावे लागत नाही.

दूध असे वळवीत गेले की हा लाभ लिटरागणिक कमी होत जातो. घरगुती बाजारात दूध कमी झाल्याने तेथील सीमांत प्राप्ती चढते व भट्टीकडील उतरते. १०० लिटर वळविल्यावर दोन्ही ३० रुपयांवर येऊन मिळतात, आणि तोच सीमांत खर्चाचाही आकडा आहे. येथे थांबावयाचे. पहिल्या लिटरला ३० रुपये लाभ, शंभराव्याला जवळजवळ शून्य, म्हणजे सरासरी १५ रुपये. १०० लिटरला १,५०० रुपये.

प्रत्यक्ष भाव काढण्यास याहून सोपी रीत आहे. मागणीची रेषा सरळ धरली, तर ज्या भावाला खप शून्य होईल तो भाव आणि सीमांत खर्च यांच्या बरोबर मध्यावर सर्वांत किफायतशीर भाव असतो. घरगुती खप ५० रुपयांना ४०० लिटर आहे व रुपयामागे १० लिटर घटतो. तेव्हा तो ९० रुपयांना शून्य होईल. ९० व ३० यांचा मध्य ६० रुपये, आणि त्या भावाला खप ३०० लिटर. भट्टीचा खप ६० रुपयांना शून्य होतो. ६० व ३० यांचा मध्य ४५ रुपये, आणि खप ३०० लिटर. पडताळा लवचिकतेने घ्यावा. नव्या भावांना घरगुती लवचिकता २ व भट्टीची ३ येते. ६० मधून त्याचा निम्मा भाग वजा केला तर ३० उरतात, आणि ४५ मधून तिसरा भाग वजा केला तरी ३० च उरतात. लवचिकता जितकी कमी, तितका भाव खर्चाहून अधिक चढतो. हिशेब बरोबर असल्याची हीच खूण होय.

आता नफा पाहू. एकच भाव असता ६०० लिटरवर २० रुपयांप्रमाणे १२,००० रुपये उरत होते. एकच भाव ठेवावयाचा असेल, तर ५० रुपये हाच उत्तम भाव आहे, कारण दोन्ही मागण्यांची बेरीज कागदावर ७० रुपयांना शून्य होते आणि ७० व ३० यांचा मध्य ५० आहे. दोन भाव केल्यावर घरगुती दुधावर ३० रुपयांप्रमाणे ९,००० व भट्टीच्या दुधावर १५ रुपयांप्रमाणे ४,५००, मिळून १३,५०० रुपये उरतात. वाढ रोजची १,५०० रुपये. ठराविक खर्च दोन्ही वेळा तोच असल्याने नफ्यातील वाढही तेवढीच. ६०० लिटरवर वाटल्यास दिवाळीच्या दरफरकात सभासदाला लिटरला अडीच रुपये अधिक देता येतात.

हा पैसा आला कोठून, हेही सभासदांनी पाहिले पाहिजे. एकूण दूध ६०० लिटरच राहिले. मागणीच्या रेषा सरळ असून दोन्ही बाजार आधीपासून चालू असतील, तर एकूण विक्री बदलत नाही, हे जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले आहे. बदल झाला तो वाटणीत. १०० लिटर दूध घरांतून निघून कढईत गेले आणि उरलेल्या ३०० लिटरला कुटुंबांनी १० रुपये जादा मोजले. वाढीव भावामुळे रतीब तोडणारी घरे बहुधा हातावर पोट असणाऱ्यांचीच असतात. संस्थेच्या हिशेबात १,५०० रुपयांची भर दिसते, परंतु त्या मुलांचे दूध कोणत्याही खात्यात दिसत नाही. सभेने निर्णय घ्यावा तो हे जाणून घ्यावा. भट्टीला मुळीच दूध जात नव्हते व स्वस्त भावामुळे नवा बाजार उघडला, अशी स्थिती असेल तर गोष्ट निराळी. तेथे घरगुती भाव न चढविताही नफा वाढू शकतो.

दोन भाव टिकण्यास दोन अटी लागतात. पहिली अशी की, भाव ठरविण्याची ताकद संस्थेकडे असली पाहिजे. शेजारच्या डेअरीचे दूध ५० रुपयांना दारात येत असेल, तर ६० रुपयांचा भाव कागदावरच राहील. दुसरी अट अधिक नाजूक आहे. स्वस्त बाजारातील दूध महाग बाजारात झिरपता कामा नये. भट्टीवाल्याला ४५ रुपयांना मिळालेले दूध तो ५५ रुपयांना घरोघरी घालू लागला, तर संस्थेचे गिऱ्हाईक जाते आणि तोटा संस्थेच्या माथी बसतो. ही गळती ओळखण्याची खूण अशी की, भट्टीची उचल हिशेबापेक्षा फार वाढते, खव्याची आवक मात्र बाजारात वाढत नाही, आणि त्याच सुमारास रतीब घटतो.

अमेरिकेत १९३७ च्या कायद्याखालील दूध-आदेशांत हाच भेद दुधाच्या उपयोगावरून केला जातो. पिण्याचे दूध एका वर्गात, लोणी व चीज यांचे दूध निराळ्या वर्गात. डेअरीने कोणते दूध कोठे वापरले हे तिच्या वह्या तपासून ठरविले जाते, आणि शेतकऱ्याला सरासरी भाव मिळतो. तेथे आलेली एक अडचण इकडेही संभवते. सरासरी भाव वाढला की शेतकरी अधिक दूध घालतो, आणि ते जादा दूध शेवटी स्वस्त वर्गातच जाते.

वह्या तपासणे लहान संस्थेला जमण्यासारखे नाही. अशा वेळी भावातील अंतर दूध फिरविण्याच्या खर्चाइतकेच ठेवावे. भट्टीवाल्याला दूध घरोघरी पोचविण्यास लिटरला ६ रुपये पडत असतील, तर त्याहून मोठे अंतर टिकणार नाही. वरील संस्थेत ६ रुपयांचे अंतर ठेवून हिशेब केला, तर उत्तम भाव घरगुती ५४ व भट्टीचा ४८ येतो. खप ३६० व २४० लिटर होतो आणि शिल्लक ८,६४० व ४,३२०, मिळून १२,९६० रुपये. एका भावापेक्षा ही शिल्लक रोज ९६० रुपयांनी जास्त आहे. पूर्ण अंतरातील १,५०० पैकी सुमारे दोन-तृतीयांश लाभ येथेच पदरात पडतो, गळती होत नाही, आणि घरगुती दूध १०० ऐवजी ४० लिटरनेच घटते.

एकदम ६० व ४५ वर जाण्यात आणखी एक धोका आहे. संस्थेने खप पाहिला तो ४८ ते ५२ रुपयांच्या दरम्यान. त्यापलीकडे रेषा सरळच राहील याची खात्री नसते. म्हणून भाव दोन-दोन रुपयांनी हलवावा, प्रत्येक वेळी दोन्ही बाजारांची सीमांत प्राप्ती नव्याने काढावी, आणि त्या दोहोंतील अंतर पुढील बदलाची दगदग करण्याइतके उरले नाही, की तेथे थांबावे.