आभाराचे चार ओळींचे ई-पत्र

व्यापारी बंधूंनो, विमा कचेरीत कुणी अर्धा तास बसवून आपल्याला एखादी गोष्ट समजावून देतो, आपण 'शुक्रिया साहेब' म्हणतो आणि उठतो. आम्हीही अनेक वर्षे असेच करीत आलो. या वर्षी आभार लेखी कळविले, आणि त्यातून आमचीच एक चूक उघडी पडली. म्हणून हा प्रपंच.

आमचे नंदुरबारात कापडाचे दुकान आहे. बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा बारा लाख, म्हणून मालाचा आगीचा विमाही बारा लाखांचा. पाच लाखांचा माल जळाला तर पाच लाख मिळणार, कारण पाच हे बारापेक्षा कमीच, असे आम्ही धरून चाललो होतो. पॉलिसीतील 'कमी विमा' हे कलम तीनदा वाचले, तरी डोक्यात शिरेना. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, पण दोष भाषेचा नव्हता. मराठी शाळेत शिकलेल्या शेजारी दुकानदारालाही ते उमगले नाही.

शेवटी विमा कचेरी गाठली. तेथील अधिकाऱ्यांनी एका कागदावर हिशेब मांडला. काठीच्या होळीआधी आणि लग्नसराईत आमच्या दुकानात वीस लाखांचा माल असतो. हा आकडा खरेदीच्या दराने, विक्रीच्या नव्हे. विमा बारा लाखांचा, म्हणजे वीस भागांपैकी बाराच भागांचा. उरलेल्या आठ भागांचा धोका आम्ही स्वतःच्या अंगावर घेतला, असे कंपनी मानते. तेव्हा पाच लाख जळाले तर पाच गुणिले बारा, भागिले वीस, म्हणजे तीनच लाख. त्यातूनही पॉलिसीत ठरलेली वजावट जाते. आम्ही दोनदा तोच प्रश्न विचारला. त्यांनी दोन्ही वेळा पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

दुसऱ्या दिवशी आम्ही साडीची एक पेटी घेऊन निघालो होतो. मुलाने अडविले, आणि बरेच झाले. ग्राहकाची भेटवस्तू घेणे अधिकाऱ्याला अडचणीचे असते. त्यापेक्षा ई-पत्र बरे.

पहिला मसुदा आम्ही सव्वा पानाचा केला. त्यात स्तुती फार, वर 'हप्त्यात काही सूट मिळाली तर बघावे' अशी शेवटी पुस्तीही जोडलेली. ती वाचल्यावर वरचे सगळे आभार त्या सुटीसाठीच होते असे वाटे. पुस्ती काढली, स्तुतीही काढली. जे कळले ते मात्र आकड्यांसह ठेवले. पाठविले ते असे :

विषय : कमी विम्याचे कलम समजावून दिल्याबद्दल आभार (दुकानाची आग विमा पॉलिसी)

मा. महोदय, स.न.वि.वि.
काल आपण अर्धा तास देऊन कमी विम्याचा हिशेब समजावून दिलात, त्याबद्दल मनापासून आभारी आहोत. वीस लाखांच्या मालावर बारा लाखांचा विमा असल्यास पाच लाखांच्या नुकसानीला तीन लाख मिळतात, हे आता स्पष्ट झाले. पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, म्हणजे आमच्या चाळीस टक्क्यांपैकी पंचवीसच मोजले जातील, असे आम्ही समजलो आहोत. चुकत असल्यास कृपया कळवावे.
आपला,
(नाव, दुकान, गाव)

विषयाच्या ओळीत 'आभार' आणि पॉलिसीचा प्रकार दोन्ही हवेत, नाहीतर रोजच्या तक्रारींच्या ढिगात पत्र हरवते. खाते क्रमांक किंवा ओटीपी अशा पत्रात कधीही लिहू नये. CC मध्ये शाखाधिकाऱ्यांचा पत्ता घातला. अधिकाऱ्याची बदली होते, पण चांगल्या कामाची नोंद वरिष्ठांकडे राहते.

संध्याकाळी उत्तर आले, तीन ओळींचे. पंचवीसचा आमचा हिशेब चुकला होता! एप्रिल 2021 पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. तिच्यात पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे खरी. परंतु तूट त्यापुढे गेली की पंधराही वजा होत नाहीत, पूर्ण चाळीस मोजले जातात. वीस लाखांच्या मालाला सतरा लाखांचा विमा असता तर काहीच कापले गेले नसते. सोळा असता तर पाच लाखांचे चारच.

नुसते 'धन्यवाद' लिहिले असते तर ही चूक आमच्या मनात तशीच राहिली असती, आणि कळली असती ती आगीनंतर. अर्थात असे पत्र म्हणजे कंपनीचे वचन नव्हे. दावा ठरतो तो पॉलिसीच्या कागदावर आणि सर्व्हेयरच्या मोजणीवर, अधिकाऱ्याच्या तोंडी बोलण्यावर नाही.

त्याच आठवड्यात आम्ही अर्ज देऊन विम्याची रक्कम वीस लाख करून घेतली. उरलेल्या महिन्यांपुरताच जादा हप्ता भरावा लागला. हा अर्ज मात्र वेगळ्या पत्राने केला, आभाराच्या पत्राखाली जोडून नव्हे.