पूल ठाण्याच्या पुढे आहे

माहितीपटाचा प्रिव्ह्यू संपला तेव्हा टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते, ते मात्र हाताची घडी घालून होते. चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अहो, तुमची गाडी ठाण्याला थांबली ना? मग ती पुलावरून कशी गेली?"

विषय होता १६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे, साधारण ३४ किलोमीटर, देशातली पहिली प्रवासी आगगाडी. आमचा भाग जेमतेम सहा मिनिटांचा होता. त्याच्या शेवटी मी ते सगळ्यांनी पाहिलेलं चित्र टाकलं होतं: कमानींचा लांबलचक पूल आणि त्यावरून धूर सोडत जाणारी छोटी गाडी. खाली निवेदन होतं, 'आणि अशी धावली भारताची पहिली आगगाडी.' शाळेच्या भिंतीवर, कॅलेंडरवर, भाषणाच्या स्लाइडवर, जिथे जिथे 'पहिली गाडी' असते तिथे हेच चित्र असतं. मग मला तरी शंका का यावी?

पण पूल दापूरीचा. तो ठाण्याच्या पलीकडे, कल्याणच्या वाटेवर आहे. कल्याणपर्यंतचा मार्ग उघडला १ मे १८५४ ला. म्हणजे १६ एप्रिलची गाडी त्या पुलावर गेलीच नव्हती, आणि हे कळायला कुठलाही दप्तरखाना धुंडाळायची गरज नव्हती. नकाशा आणि दोन तारखा पुरेशा होत्या. चित्र खरं होतं, तारीख खरी होती, खोटी होती ती दोघांची मी लावलेली गाठ. माहितीपटात बहुतेक चुका अशाच होतात.

तेव्हापासून मी संहिता तीन रकान्यांत लिहितो. पहिल्यात निवेदन, दुसऱ्यात शॉट, तिसऱ्यात 'चित्रीकरणाआधी काय तपासायचं'. तिसरा रकाना रिकामा असेल तर त्या ओळीसाठी कॅमेरा बाहेर निघत नाही. निर्माते वैतागतात, पण रिशूटपेक्षा वैताग स्वस्त पडतो.

तोच भाग मी नंतर पुन्हा लिहिला. त्यातली पहिली ओळ अशी होती: 'दुपारी तीन वाजून पस्तीस मिनिटांनी, एकवीस तोफांच्या सलामीत, चौदा डब्यांची गाडी बोरीबंदरहून निघाली. डब्यांत चारशेच्या आसपास पाहुणे होते.' शॉट: फलाटावर गर्दी, मागे स्टेशनची इमारत, गाडी हलते. पहिल्या खेपेला मी मागे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा घुमट दाखवला होता. त्या इमारतीचं बांधकाम १८७८ ला सुरू झालं. गाडी सुटली त्यानंतर पंचवीस वर्षांनी! म्हणून नव्या संहितेत इमारत नाहीच. कॅमेरा खाली, चाकं, पायऱ्या, पगड्या, धोतराचे काठ. जे माहीत नाही ते चौकटीबाहेर ठेवायचं, ही पळवाट मला आता लाजिरवाणी वाटत नाही.

याच ओळीच्या तिसऱ्या रकान्यात वेळही आहे. पहिल्या वेळी उन्हाच्या धास्तीने आम्ही सकाळी नऊला चित्रीकरण केलं. गाडी उत्तरेकडे जाते, दुपारचा सूर्य पश्चिमेला, म्हणजे डावीकडे. सावल्या उजवीकडे पडायला हव्यात. आमच्या पडल्या डावीकडे. संकलक म्हणाला, "शॉट उलटा करू या." उलटा केला असता तर डब्यावरची अक्षरं आरशातली झाली असती आणि सगळ्यांच्या अंगरख्यांचे बंद दुसऱ्या बाजूला गेले असते. शिवाय तीन पस्तीस ही आजच्या घड्याळातली वेळ नव्हे. तेव्हा भारतीय प्रमाणवेळ नव्हती, आणि मुंबईची स्थानिक वेळ आजच्यापेक्षा सुमारे ३९ मिनिटं मागे येते. त्या हिशेबाने तो सूर्य हवा असेल तर आजच्या घड्याळात सव्वाचारच्या सुमाराला कॅमेरा तयार ठेवायचा.

दुसरी ओळ होती इंजिनांची. तीन इंजिनं होती, साहिब, सिंध आणि सुलतान. नावं घेतली की प्रेक्षक खूश, पण शॉटसाठी नावं कामाची नाहीत. मला हवी होती ती चाकं. इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीने बनवलेली ती इंजिनं २-४-० मांडणीची होती: पुढे दोन लहान चाकं, मग चार मोठी, मागे काही नाही. आम्ही भाड्याने आणलं होतं ते डोंगरी नॅरोगेजवरचं इंजिन, रूळ दोन फुटांचे. आणि बोरीबंदर-ठाण्याचे रूळ साडेपाच फुटांचे. चौकटीत शेजारी माणूस उभा केला की बिंग फुटतंच. इंजिन मोठं दिसावं म्हणून आम्ही बुटके ज्युनिअर आर्टिस्ट निवडले होते, हे आज सांगताना हसू येतं. तेव्हा पैसे गेले होते. नव्या संहितेत इंजिन दिसतच नाही. धुराच्या तीन रेषा आणि गर्दीची मान डावीकडून उजवीकडे वळते, एवढंच.

गती हा त्याहून फसवा मामला. प्रवास ५७ मिनिटांत झाला असं काही ठिकाणी सापडतं, तर काही ठिकाणी सव्वा तास. निवेदनात 'तासाभरात' म्हणून निभावता येतं. कॅमेऱ्याला मात्र एक गती ठरवावीच लागते. ५७ मिनिटं धरली तर सरासरी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. सव्वा तास धरला तर ताशी २७. शंभर मीटरची गाडी धरली तर पहिल्या हिशेबाने ती कॅमेऱ्यासमोरून दहा सेकंदांत जाते, दुसऱ्याने तेरा सेकंदांहून जास्त. आम्ही पार्श्वसंगीताला जुळावं म्हणून पाच सेकंदांत नेली होती. त्या गतीने गाडी अर्ध्या तासाच्या आतच ठाण्याला पोचली असती.

एक शॉट मात्र तिसऱ्या रकान्याने पूर्ण कापला. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड हात उंचावून गाडीला निरोप देतात, असा. पोशाख शिवून झाला होता, कलाकारही ठरला होता. गव्हर्नर त्या दिवशी मुंबईत नव्हते. ते हजर असतील असं मी गृहीत धरलं होतं, कारण समारंभ म्हटलं की गव्हर्नर आलाच. गृहीत धरलेल्या माणसांची यादी हल्ली मी वेगळी काढतो.

निवेदनातलं 'पहिली' हे विशेषणही आता 'प्रवासी' शिवाय जात नाही. रुळांवरची मालगाडी मद्रासजवळच्या रेड हिल्सला १८३७ मध्येच धावली होती, दगड वाहायला.

नव्या भागाचं चित्रीकरण अडीच दिवसांत झालं. त्याच्या तयारीत मी ओळखीच्या प्रत्येकाला विचारलं होतं, पहिल्या गाडीचं चित्र असेल तर आणून द्या. अकरा जणांनी आणलं. अकराही चित्रांत पूल होता.