यादीआधी 'इज' की 'आर'?

प्रश्न : आमचा फ्लॅट भाड्याने देताना करारासोबत सामानाची यादी इंग्रजीत जोडायची होती. मी लिहिलं, 'देअर इज अ फ्रीज, टू फॅन्स अँड अ गीझर इन द फ्लॅट.' मुलगी म्हणते की वस्तू चार आहेत, म्हणून 'देअर आर' हवं. तिच्या शिकवणीतल्या बाईंनीही तेच सांगितलं. पण 'देअर आर अ फ्रीज' म्हणून पाहिलं तर कानाला खटकतं. बरोबर काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या मुलीचा नियम खरा आहे आणि तुमचा कानही खरा आहे. इंग्रजीत इथे दोन तत्त्वं एकमेकांच्या आड येतात.

पहिलं तत्त्व शाळेतलं. 'अँड'ने जोडलेली नामं मिळून अनेकवचनी कर्ता होतो, म्हणून क्रियापद अनेकवचनी. 'अ फ्रीज, टू फॅन्स अँड अ गीझर आर इन द फ्लॅट' असं लिहिलंत तर 'आर'च हवं, त्यात दुमत नाही. कारण तिथे यादी पूर्ण झाल्यावर क्रियापद येतं आणि तोवर बोलणाऱ्याला सगळ्या वस्तू ठाऊक झालेल्या असतात.

'देअर'ने सुरू होणाऱ्या वाक्यात हा क्रम उलटतो. कर्त्याच्या जागी 'देअर' बसतं, पाठोपाठ क्रियापद येतं आणि खऱ्या वस्तू त्यानंतर एकेक करून येतात. बोलणाऱ्याला क्रियापद आधीच ठरवावं लागतं, तेही समोर आलेल्या पहिल्या नामाकडे बघून. ते एकवचनी असेल तर तोंडातून 'इज' निघतं आणि पुढच्या वस्तू मागाहून जोडल्या जातात. जणू 'देअर इज अ फ्रीज' एवढं वाक्य पूर्ण झालं आणि उरलेलं त्याला लागून आलं. या ओढीला इंग्रजी व्याकरणात सान्निध्याचं तत्त्व म्हणतात. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या 1985च्या मोठ्या व्याकरणात वचनाच्या मेळाची तीन तत्त्वं मांडली आहेत : व्याकरणाप्रमाणे मेळ, अर्थाप्रमाणे मेळ आणि हे सान्निध्य. मेरियम-वेबस्टरचा 1989चा इंग्रजी वापराचा कोशही सांगतो की यादीतलं पहिलं नाम एकवचनी असेल तर लेखकांत दोन्ही रूपं आढळतात. म्हणजे तुमचं वाक्य चुकीचं नाही.

आता मराठीकडे बघा, कारण तुमच्या कानाला हे का पटलं ते तिथे कळतं. 'खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या' असं आपण म्हणतो, पण क्रम बदलला की 'खोलीत दोन खुर्च्या आणि एक टेबल होतं' म्हणतो. वस्तू त्याच, तरी क्रियापद बदललं. निर्जीव वस्तूंच्या यादीत मराठी क्रियापद जवळच्या नामाचं लिंग-वचन घेतं, आणि आपलं क्रियापद शेवटी येत असल्यामुळे जवळचं म्हणजे शेवटचं नाम. इंग्रजीत 'देअर'नंतर क्रियापद यादीच्या आधी येतं, म्हणून जवळचं म्हणजे पहिलं नाम. ओढ एकच, बाजू वेगळी. मराठी माणसाची एक चूक इथूनच होते. तो सवयीने यादीच्या शेवटाकडे बघतो आणि 'देअर इज टू फॅन्स अँड अ गीझर' लिहितो, कारण शेवटी गीझर एकटा आहे. लेखी इंग्रजीत हे मात्र चूक. पहिलं नाम अनेकवचनी असेल तर दोन्ही तत्त्वं 'आर'च्याच बाजूला असतात. बोलताना इंग्रज माणूस 'देअर्झ टू फॅन्स' असं आखडून म्हणतो खरा, पण ते बोलण्यापुरतं, करारात नको.

तेव्हा तपासायला सोपी जागा म्हणजे 'देअर'नंतरचं पहिलं नाम. ते अनेकवचनी असेल तर 'आर' लिहा आणि पुढे जा. ते एकवचनी असेल तरच विचार करायची वेळ येते. पण पहिलं नाम ओळखताना 'अ' दिसला की एकवचन, असं धरू नका. 'अ लॉट ऑफ बुक्स', 'अ नंबर ऑफ टेनन्ट्स', 'अ फ्यू चेअर्स', 'अ डझन प्लेट्स' यांत 'अ' असला तरी मोजलेल्या वस्तू अनेक आहेत, म्हणून 'देअर आर अ लॉट ऑफ बुक्स' अगदी बरोबर. उलट 'अ पेअर ऑफ कर्टन्स'मध्ये मुख्य नाम 'पेअर', म्हणून 'इज'. आणि 'फर्निचर' कितीही असलं तरी इंग्रजीत ते न मोजण्याचं नाम. यादी त्याने सुरू झाली तर तेही एकवचनीच धरायचं.

पहिलं नाम खरोखर एकवचनी असेल तर मी स्वतः 'इज' लिहीन. 'देअर आर अ फ्रीज' वाचताना वाचक अडखळतो, आणि क्रियापदाने त्याला अडखळवावं असं काही त्या वाक्यात नाही. पण परीक्षेतल्या रिकाम्या जागेचा प्रश्न वेगळा. तिथे क्रम बदलता येत नाही आणि गुण तपासणाऱ्याच्या हाती असतात. कुठल्या पुस्तकात पहिल्या नामाचा नियम शिकवलेला असतो, कुठल्या पुस्तकात 'अँड' म्हणजे अनेकवचन एवढंच असतं. मुलीने आपल्या पुस्तकातलं उदाहरण पाहून तेच धरावं.

करार मात्र तुमच्या हातात आहे, म्हणून तिथे वाद उरू देण्याचं कारणच नाही. अनेकवचनी वस्तू पुढे घ्या : 'देअर आर टू फॅन्स, अ फ्रीज अँड अ गीझर इन द फ्लॅट.' हे कान आणि नियम दोघांनाही चालतं. क्रम बदलायचा नसेल, समजा महागाची वस्तू आधी हवी असेल, तर 'अँड'ऐवजी 'अलाँग विथ' वापरा : 'देअर इज अ फ्रीज, अलाँग विथ टू फॅन्स अँड अ गीझर.' 'अलाँग विथ' किंवा 'अ‍ॅज वेल अ‍ॅज'ने जोडलेलं नाम मुख्य कर्त्यात मिळत नाही असं कडक व्याकरणही मानतं, म्हणून इथे 'इज'वर कुणी बोट ठेवणार नाही. तिसरी वाट म्हणजे आधी मोजदाद सांगायची : 'देअर आर फोर फिटिंग्ज इन द फ्लॅट', मग विसर्गासारखी दोन टिंबं देऊन यादी. 'आर' इथे 'फोर फिटिंग्ज'शी जुळतं. यादीची सुरुवात कशानेही झाली तरी त्याला धक्का लागत नाही. लांब यादीला मला हीच वाट सर्वांत बरी वाटते, कारण मधे एखादी वस्तू वाढवली तरी फक्त आकडा बदलावा लागतो.

भूतकाळात 'वॉज' आणि 'वेअर', किंवा 'हॅज बीन' आणि 'हॅव बीन' यांच्यातही हीच निवड करावी लागते. भाडेकरू घर सोडताना जी यादी होते ती बहुधा भूतकाळात असते, तेव्हा दोन्ही याद्यांत वस्तूंचा क्रम एकच ठेवा, म्हणजे क्रियापदही सारखं राहील आणि ओळीला ओळ लावून पाहता येईल.